क्रॉप केलेली माटोळी परत कशी आणायची: फोटोशॉपमधल्या एका टिकची गोष्ट

चवथ झाली की पुढचे दहा-पंधरा दिवस आमच्या फोंड्यातल्या दुकानात एकच काम, गणपतीचे फोटो. कुणाला फ्रेम पाहिजे, कुणाला व्हॉट्सअ‍ॅपला टाकायला चौकोनी करून पाहिजे, कुणाला फोटोत मागे उभा असलेला माणूस नको असतो. असंच एका काकींचं काम होतं. उभा फोटो, 4000 बाय 6000 पिक्सेल, खाली मखरातला गणपती आणि वरच्या भागात माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली लाकडी चौकट, तिला नारळ, सुपारीचे घोस, तोरिंग, आंबाडे, कांगलां सगळं लटकलेलं. त्यांना चौकोनी फोटो हवा होता म्हणून माझ्या भाच्याने वरचा भाग कापला, गणपती मधोमध आणला, दिला, काकी खूश.

आठवड्याने परत आल्या. मुलाने म्हणे माटोळीच्या स्पर्धेला नाव दिलंय, 8 बाय 12 इंचाची प्रिंट पाहिजे, माटोळी नीट दिसली पाहिजे. आम्ही फाईल उघडली आणि काकी स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "माटोळी खंय गेली रे?"

खंय गेली ते सांगायलाच हा लेख लिहितोय. कारण ती कुठे गेली हे पूर्णपणे क्रॉप टूलच्या वरच्या पट्टीतल्या एका बारीक चौकटीवर ठरतं, तिचं नाव Delete Cropped Pixels, आणि दहातली नऊ माणसं ती चौकट कधी बघतच नाहीत. मीही कितीतरी वर्षं बघितली नव्हती.

आधी क्रॉप म्हणजे नेमकं काय होतं ते बघू. फोटोशॉपमध्ये दोन गोष्टी वेगळ्या असतात, एक कॅनव्हास म्हणजे आपल्याला दिसणारी चौकट, आणि दुसरी लेयर म्हणजे त्यावरचं चित्र. आपल्याला वाटतं दोन्ही एकच, पण तसं नाही, लेयर कॅनव्हासपेक्षा मोठा असू शकतो, बाहेर लोंबत राहू शकतो, फक्त दिसत नाही. जत्रेतल्या नाटकाचा स्टेज डोळ्यासमोर आणा. प्रेक्षकाला जेवढं दिसतं तेवढा कॅनव्हास. विंगेत उभा असलेला नट दिसत नाही पण तो आहे, हाक मारली की येतो. Delete Cropped Pixels ची टिक काढलेली असेल तर क्रॉप केलेला भाग विंगेत जातो. टिक असेल तर तो नट मेकअप पुसून, गाडी पकडून घरी गेलेला असतो, आता कितीही हाका मारा.

म्हणजे टिक बंद असताना क्रॉप फक्त चौकट लहान करतं, चित्राला हात लावत नाही. हे ज्याला कळलं त्याला पुढचं सगळं आपोआप कळतं, कारण टिक बंद केल्यावर जे जे विचित्र वाटतं ते सगळं याच एका गोष्टीतून येतं.

पहिली विचित्र गोष्ट लेयर पॅनेलमध्ये दिसते. जेपीजी उघडलं की तिथे Background नावाचा कुलूप लावलेला लेयर असतो. टिक बंद ठेवून क्रॉप करून एंटर मारलं की त्याचं नाव बदलून Layer 0 होतं आणि कुलूप जातं. लोक घाबरतात, काहीतरी बिघडलं वाटतं. बिघडलेलं काही नाही, Background लेयरचा नियमच असा की तो कॅनव्हासएवढाच असतो, त्याला बाहेर काही ठेवता येत नाही आणि पारदर्शकही होता येत नाही. मग विंगेत काही ठेवायचं तर त्याला साधा लेयर व्हावंच लागतं. टिक चालू असेल तर Background तसाच राहतो.

आणि इथेच ती गोष्ट आहे जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. समजा टिक चालू आहे, तुम्ही कॅमेऱ्यातून आलेलं जेपीजी उघडलं, क्रॉप केलं, सवयीने Ctrl+S दाबलं. Background अजून Background च आहे, लेयर-बियर काही नाही, म्हणून फोटोशॉप जेपीजीची क्वालिटी वगैरे विचारेल फार तर आणि त्याच फाईलवर सेव्ह करून टाकेल. मूळ 4000 बाय 6000 गेला, त्याच नावाने आता 4000 बाय 4000. फाईल बंद केली की हिस्टरीपण गेली, Ctrl+Z करायला काही उरलं नाही. काकींची माटोळी अशीच जाऊ शकली असती, आणि आमच्याकडे एकदा गेलीय पण, काकींची माटोळी नव्हे, दुसऱ्या एका बाबांच्या घरच्या बारशाच्या फोटोची फाईल, कार्ड फॉरमॅट झालेलं, आणि मूळ फाईलवर मीच सेव्ह केलेलं. त्या बाबांच्या तोंडाकडे बघणं नको वाटलं होतं.

टिक बंद असेल तर तेच Ctrl+S दाबल्यावर फोटोशॉप थांबतं आणि नवीन फाईल कुठे, कशात सेव्ह करू म्हणून विचारतं, पीएसडी म्हणजे फोटोशॉपची स्वतःची लेयरवाली फाईल पुढे करतं. कारण साधा लेयर जेपीजीत बसत नाही. लोकांना याचा राग येतो, "जेपीजी उघडलं तर पीएसडी कशाला मागतंय", आणि नव्या व्हर्जनमध्ये तर जेपीजीसाठी Save a Copy मध्ये जावं लागतं म्हणून अजून राग. पण मला हा त्रास आवडतो. त्या विचारण्यामुळे मूळ फाईल वाचते.

हां, पण एक गैरसमज इथेच दूर करतो. टिक बंद केली म्हणजे जेपीजीतही माटोळी लपून राहते असं नाही. जेपीजी आणि पीएनजीत फक्त दिसतं तेवढंच जातं, विंग-बिंग काही नाही. लपलेला भाग पीएसडी किंवा लेयर ठेवलेल्या टिफसारख्या फाईलमध्येच टिकतो. टिक बंद ठेवून क्रॉप केलं, जेपीजी काढलं आणि पीएसडी सेव्ह न करता बंद केलं तर त्या टिकचा उपयोग शून्य, मूळ फोटो शाबूत असेल तेवढंच समाधान.

आता काकींच्या फाईलकडे येतो. सुदैवाने भाच्याने पीएसडी ठेवलेली होती आणि Layer 0 दिसत होता, म्हणजे टिक बंद असावी. पण Layer 0 नुसतं नाव आहे, नक्की बाहेर काही आहे का ते कसं कळणार? दोन सोप्या खुणा आहेत. एक, Ctrl+T दाबा. बदलाची चौकट चित्राच्या काठावर न थांबता कॅनव्हासच्या बाहेर राखाडी भागात गेली तर तिकडे पिक्सेल आहेत. (बघून झालं की Esc दाबा, नाहीतर चुकून काहीतरी ओढलं जातं.) दुसरी खूण खाली डाव्या कोपऱ्यात, तिथला बाण दाबून Document Sizes निवडलं की दोन आकडे दिसतात. पहिला म्हणजे सगळं सपाट केलं तर किती, दुसरा म्हणजे लेयरसकट किती. 4000 बाय 6000 चा साधा रंगीत फोटो उघडला की दोन्हीकडे 68.7M. टिक बंद ठेवून 4000 बाय 4000 चौकोन कापला की पहिला आकडा 45.8M वर येतो आणि दुसरा तिथेच 68.7M च्या आसपास राहतो. तो मधला फरक म्हणजे माटोळी. टिक चालू ठेवून कापलं असतं तर दोन्ही 45.8M.

परत आणायचं तर Image मेनूत Reveal All. बस. कॅनव्हास लेयरएवढा मोठा होतो आणि सगळं दिसतं. किंवा क्रॉप टूल घेऊन चित्रावर एकदा क्लिक केलं की कापलेला भाग फिकट दिसायला लागतो आणि चौकट नव्याने ओढता येते, गणपती थोडा खाली, माटोळी अर्धी आत, हवं तसं. चौकट तशीच ठेवून नुसता फोटो सरकवायचा असेल तर मूव्ह टूलने लेयर ओढला तरी चालतं, विंगेतला भाग आत येतो.

मी काकींसमोर ऐटीत Reveal All दाबलं. माटोळी आली. काकी हसल्या. मग मी साईज बघितली आणि माझं हसू गेलं. 1080 बाय 1620.

झालं काय होतं, क्रॉप टूलच्या पट्टीत डावीकडे एक यादी असते, त्यात भाच्याने W x H x Resolution निवडून 1080 बाय 1080 भरून ठेवलेलं, इन्स्टाग्रामसाठी रोज तेच लागतं म्हणून. या पर्यायात क्रॉप नुसतं कापत नाही, चित्र दिलेल्या पिक्सेलमध्ये बसवण्यासाठी लहानसुद्धा करतं. आणि लहान करताना फक्त दिसणारा चौकोन नाही, अख्खा लेयर, विंगेतल्या माटोळीसकट. 4000 चे 1080 झाले म्हणजे 27 टक्के, तर 6000 चे झाले 1620. माटोळी परत आली खरी पण एक चतुर्थांश अंगाने. 12 इंचाच्या प्रिंटला 1620 पिक्सेल म्हणजे इंचाला 135, हातात धरून बघायच्या फोटोला ते मऊ दिसतं, सुपारीचा घोस म्हणजे हिरवा गोळा. मूळ 6000 असते तर इंचाला 500 मिळाले असते, गरजेपेक्षा जास्तच.

म्हणजे Delete Cropped Pixels बंद असणं हे फक्त "काठ फेकू नको" एवढंच सांगतं, "दर्जा जप" असं नाही सांगत. हे दोन वेगळे विषय आहेत आणि बहुतेक व्हिडिओत ते एकत्र कालवतात, टिक काढा म्हणजे फोटो सुरक्षित, असं. नाही. चौकोन पाहिजे असेल तर यादीतून Ratio निवडा, 1 : 1 भरा. त्यात नुसता आकार ठरतो, पिक्सेल जसेच्या तसे राहतात. 1080 करायचं ते शेवटी, जेपीजी काढताना.

असंच तिरक्या फोटोचं. माटोळीची लाकडी चौकट दोन अंश कललेली होती म्हणून भाच्याने क्रॉप करतानाच फोटो फिरवला असता, तर टिक बंद असूनही लेयर फिरलेलाच राहिला असता, Reveal All केल्यावर सरळ आयत नाही तर कललेला फोटो आणि चार कोपऱ्यांत पारदर्शक चौकड्या. परत उलटा फिरवला तर पहिल्यासारखं होतं असं वाटतं पण होत नाही, प्रत्येक फिरवण्यात पिक्सेल नव्याने मोजले जातात आणि थोडी धार जाते. एकदा फिरवलं तर डोळ्याला कळत नाही. चार वेळा इकडे-तिकडे केलं तर मखरातली बारीक नक्षी बघा, कळेल.

या दोन्हीवर उपाय एकच आणि तो क्रॉपच्या आधी करायचा. लेयरवर राईट क्लिक करून Convert to Smart Object. मग मूळ फोटो एका डबीत बंद होतो, क्रॉप, फिरवणं, लहान करणं सगळं डबीवर होतं, आतल्या चित्रावर नाही. भाच्याने हे केलं असतं तर 1080 च्या क्रॉपनंतरही लेयरच्या थंबनेलवर डबल क्लिक केल्यावर आत 4000 बाय 6000 अख्खा फोटो मिळाला असता. गंमत म्हणजे स्मार्ट ऑब्जेक्ट असेल तर Delete Cropped Pixels चालू असलं तरी आतलं कापलं जात नाही, ती टिक साध्या पिक्सेलच्या लेयरलाच लागू होते. अक्षरं आणि शेप पण तसेच वाचतात. म्हणून काही डिझायनर सांगतात की त्यांना या टिकचा कधी त्रासच झाला नाही, ते सगळं स्मार्ट ऑब्जेक्टमध्येच करतात म्हणून.

आमचं नशीब एवढंच की कॅमेऱ्यातला मूळ फोटो हार्ड डिस्कवर होता, तर प्रिंट त्यातून काढली. पण भाच्याने रंग वगैरे छान केलेले, ते पीएसडीत. म्हणून मी म्हटलं, त्याच फाईलमध्ये काय काय केलंय ते बघून मूळावर तसंच करू. तेव्हा अजून एक प्रकार दिसला. Reveal All केलेल्या चित्रात माटोळी आणि गणपतीच्या मधोमध एक सरळ आडवी रेघ, वर काळपट, खाली उजळ. भाच्याने क्रॉप झाल्यावर Ctrl+A करून थेट लेयरवर Curves मारलेले. आता Ctrl+A म्हणजे "सगळं" असं आपण समजतो, पण ते फक्त कॅनव्हासपुरतं असतं, विंगेतलं त्यात धरत नाही. म्हणून गणपती उजळला आणि माटोळी काळोखात राहिली. काहीच सिलेक्ट न करता Curves मारले असते तर ते अख्ख्या लेयरला लागले असते, लपलेल्या भागालाही. आणि अ‍ॅडजस्टमेंट लेयर वापरला असता तर प्रश्नच नव्हता, तो खाली जे येईल त्याला लागतो.

टिक बंद ठेवण्याचे त्रासही आहेत, ते लपवत नाही. बॅनरच्या कामात हे रोज जाणवतं. आठ फोटो, प्रत्येक 24 मेगापिक्सेलचा, प्रत्येकाचा बाहेर लोंबणारा भाग, आणि फाईल उगाच फुगते, जुन्या मशीनवर सेव्ह करताना चहा पिऊन यावं. दुसरा त्रास अलाइनचा. लेयर मधोमध आणायचं बटण दाबलं की फोटोशॉप लपलेल्या भागासकट मध्य काढतं, म्हणून गणपती मधोमध यायच्या ऐवजी खाली सरकलेला दिसतो, आणि माणूस अर्धा तास बटण दाबत बसतो. बटण बरोबर आहे, लेयर आपल्याला दिसतो त्याहून उंच आहे एवढंच.

तिसरी गोष्ट त्रास नाही, धोका आहे. पीएसडी प्रेसला पाठवली तर विंगेतलं सगळं त्यांच्याकडे जातं. त्यांनी सहज Reveal All दाबलं की क्रॉपच्या बाहेरचं दिसणार. आमच्याकडे लग्नाच्या पत्रिकेसाठी एक फोटो आलेला, जोडप्याच्या बाजूला पलंगावर दागिन्यांचे उघडे डबे आणि कुणाचंतरी बँकेचं पासबुक पसरलेलं. क्रॉप केलं, दिसेनासं झालं. पण ती फाईल तशीच पुढे गेली असती तर? कापलेला भाग "गेला" असं डोळे सांगतात, फाईल तसं सांगत नाही. अशी फाईल बाहेर द्यायची असेल तर आधी वेगळ्या नावाने कॉपी करायची आणि त्या कॉपीत Layer मेनूतलं Flatten Image, त्याने सगळं एका Background मध्ये येतं आणि बाहेरचं कायमचं जातं. पण स्मार्ट ऑब्जेक्ट असेल तर नुसतं क्रॉप करून भागत नाही, डबीत सगळं तसंच असतं, म्हणून तिथे फ्लॅटनच. लेयर ठेवूनच द्यायची गरज असेल तर स्मार्ट ऑब्जेक्ट आधी साधे करून घ्यायचे, क्रॉप टूलची टिक चालू करायची, Ctrl+A आणि Image मेनूत Crop, आणि मग खालचे ते दोन आकडे बघायचे. दुसरा आकडा उतरला का, Ctrl+T ची चौकट कॅनव्हासच्या आत आली का, हे बघितल्याशिवाय पाठवायची नाही.

आता टिकचा स्वभाव. ती फाईलची नाही, टूलची आहे. एकदा काढली की पुढच्या सगळ्या फाईलींना तशीच राहते, पुन्हा कुणीतरी लावेपर्यंत. दुकानात एका मशीनवर तीन जण बसत असतील तर सकाळी कुणी लावली, दुपारी कुणी काढली, काही नेम नाही. आणि तिचा परिणाम मागे जाऊन होत नाही, लपलेल्या माटोळीची पीएसडी उघडून नुसती टिक लावली तर काही उडत नाही. पण टिक लावून पुढचं क्रॉप केलं, अगदी काठावरून पाच पिक्सेल जरी कापले, तरी त्या क्षणी चौकटीबाहेरचं सगळं उडतं, नवे पाच पिक्सेलही आणि आधीची लपवलेली माटोळीही. हे फार फसवं आहे कारण स्क्रीनवर फरक पाच पिक्सेलचाच दिसतो. त्याच बैठकीत कळलं तर Ctrl+Z आहे, सेव्ह करून फाईल बंद केल्यावर कळलं तर नाही.

भाच्याला मी एवढंच करून दिलं. क्रॉप टूल घेऊन यादीत Ratio, टिक बंद, आणि वरच्या पट्टीच्या डाव्या टोकाला टूल प्रिसेट असतात तिथे "चौकोन-सांभाळून" नावाने सेव्ह. दुसरा प्रिसेट "प्रेस-कापून", त्यात टिक चालू. आता तो टिक बघत नाही, नाव बघून प्रिसेट घेतो. काकींची प्रिंट मूळ फोटोवरून 8 बाय 12 काढली, आंबाडे मोजता येत होते. स्पर्धेचं काय झालं ते त्या सांगायला आल्या नाहीत, पण परवा श्रावणातल्या कुठल्याशा पूजेचा फोटो घेऊन आल्या आणि आल्या आल्या भाच्याला म्हणाल्या, "काप बाबा, पण वयलें सांबाळून दवर."